नेफ्रोटिक सिंड्रोम झालेल्या मुलाचं जेवण: मीठ, प्रोटीन आणि स्टिरॉइडची भूक

प्रश्न: आमचा मुलगा ५ वर्षांचा. पहिल्यांदाच नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. एरवीचं वजन १६ किलो, सूज आली तेव्हा साडेएकोणीस झालं होतं. स्टिरॉइड सुरू होऊन १२ दिवस झाले. ६ आठवडे रोज आणि मग ६ आठवडे एक दिवसाआड असं सांगितलंय. सूज उतरली, वजन १६.२ आहे, लघवीतलं प्रोटीन ४ दिवस निल येतंय. अजून बिनमिठाचंच देतोय, तो ताट ढकलून देतो आणि तासाभराने परत भूक भूक करतो. प्रोटीन भरून निघावं म्हणून रोज ४ अंड्यांचं पांढरं, ६०० मिली दूध आणि प्रोटीन पावडर चालू आहे. सासूबाई म्हणतात सैंधव घाला, ते चालतं. श्रावण असल्याने घरात नुस्तं नाही, पुढे चवथ येतेय. नेमकं काय द्यायचं? (डिचोली)

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी बिनमिठाचं जेवण बंद करा. तुमच्या मुलाला आज त्याची गरज नाही. बहुतेक घरांत डिस्चार्जच्या वेळी एकदा ऐकलेलं पथ्य महिनोन् महिने तसंच चालू राहतं. या आजारात पथ्य कायमचं नसतं. सकाळची लघवीची पट्टी काय दाखवते त्यावर ते बदलतं. म्हणून पट्टी, वजन आणि ताट या तिन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायच्या. तारीख, पहाटेच्या पहिल्या लघवीत प्रोटीन किती, वजन किती, गोळी घेतली का, ताटात काय होतं, ताप-खोकला काही आहे का, एवढ्या सहा रकान्यांची वही पुरते. पट्टीच्या डबीचं झाकण मात्र लगेच घट्ट लावत जा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत डबी उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात आणि खोटं उत्तर देतात. डबीतली ओल शोषणारी पुडी काढू नका. पट्टी लघवीत बुडवल्यावर डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग बघा. पाच मिनिटांनी बघितलेला रंग धरू नका.

मीठ

या आजारात मूत्रपिंडाची गाळणी प्रोटीन गळू देते आणि त्याच वेळी शरीर सोडियम धरून ठेवतं. सोडियमबरोबर पाणी राहतं, तीच सूज. म्हणून सूज असताना मीठ कमी करायचं. गळती थांबली की मूत्रपिंड साठलेलं मीठ-पाणी बाहेर टाकायला लागतं. तुमच्या मुलाचं वजन साडेएकोणीसवरून सोळाच्या आसपास आलं ते यामुळेच. बरेच आईवडील या घसरणीने घाबरतात, पण ते उतरलेलं पाणी आहे, मूल वाळलेलं नाही.

आता निल येतंय, सूज नाही, तर घरच्या सगळ्यांसारखं बेताच्या मिठाचं जेवण द्या. भाजी-आमटीत नेहमीचं मीठ, वरून काही नाही. फळांवर, तवशावर मीठ भुरभुरवायचं नाही. लोणचं, पापड, फरसाण, चिप्स, पाकिटातल्या शेवया बंदच. हे एवढं सांभाळायचं कारण सूज नाही, स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने रक्तदाब चढू शकतो, आणि तो प्रत्येक तपासणीला मोजून घ्या. पूर्ण आळणी जेवणाचा आत्ता फायदा शून्य आणि तोटा डोळ्यांसमोर आहे: तो जेवत नाही, मग बिस्किटांवर भूक भागवतो, आणि बिस्किटातही मीठ आणि सोडा असतोच.

पण सुजेच्या वेळचं ताट समजून घेऊन ठेवा. यातल्या बऱ्याच मुलांना आजार परत उलटतो, बहुतेकदा सर्दी-तापाच्या मागोमाग. उलटला आणि सूज दिसू लागली तर दिवसाला एकूण १ ते २ ग्रॅम मीठ एवढीच मर्यादा ठेवावी लागते. हे वाचून लोक चमच्याकडे बघत बसतात, म्हणून घरची रीत सांगते. चहाचा छोटा चमचा मीठ घ्या आणि सुरीच्या पात्याने वरून सपाट करा. ते साधारण ५ ते ६ ग्रॅम होतं. कागदावर ओतून त्याच्या पाच सारख्या ढिगल्या करा. एक ढिगली म्हणजे एक ग्रॅमच्या थोडी वर. ती एक ढिगली लहान डबीत भरून ठेवायची. सुजेच्या काळात मुलाच्या दिवसभराच्या जेवणात वरून घालायचं मीठ तेवढंच. दूध, मासा, भाज्या यांच्यात मुळातच साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं, त्यामुळे दोन ग्रॅमचा हिशेब तिथेच पूर्ण होतो.

त्याची आमटी-भाजी वेगळी शिजवायची गरज नाही. मीठ घालण्याआधी त्याचा वाटा काढून घ्या, मग बाकीच्यात मीठ घाला. त्याच्या ढिगलीतलं मीठ शिजताना न घालता ताटात वाढल्यावर वरून घाला. जिभेला ते आधी लागतं, म्हणून थोड्यातही चव येते. आंबटपणा आणि वास मदतीला घ्या: लिंबू, कैरी, लसूण, जिरं, ओलं खोबरं, कोथिंबीर, मुगागाठीत तिरफळ. आमसूल वापरताना एक तुकडा जिभेवर ठेवून बघा, खारट लागला तर बाजूला ठेवा. कोकमाचं आगळ बहुतेक मिठातच टिकवलेलं असतं, म्हणून आगळाची सोलकढी सुजेच्या दिवसांत नको. ताज्या किंवा बिनमिठाच्या सुक्या सोलांची करा.

आपल्याकडे मीठ लपून येतं ते मुख्यतः दोन वाटांनी. एक, पेजेबरोबरचं तोंडी लावणं. पेज स्वतः अगदी चांगली, पण तिच्याबरोबर चेपणीचा तोर, मिस्कूट किंवा सुका बांगडा आला की मुलाचा दिवसाचा वाटा सकाळीच संपतो. खारवलेल्या तोराच्या एका फोडीने तेवढं होऊ शकतं. सुकं नुस्तं पाण्यात भिजवून मीठ निघतं थोडंच, पुरेसं नाही. दुसरी वाट पोदेराची. पाव, पोळी, उंडो, टोस्ट, खारी ही चवीला खारट लागत नाहीत म्हणून कुणी मोजत नाही, पण एका पावात साधारण अर्धा ग्रॅम मीठ असतं. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक पाव खाल्ला तर ढिगलीपेक्षा जास्त झालं. सुजेच्या दिवसांत पावाऐवजी घरची चपाती किंवा तांदळाची भाकरी, दोन्ही बिनमिठाच्या.

सासूबाईंना सांगा, सैंधव हे मीठच आहे. त्यातही सोडियमच, सूज त्यानेही तितकीच धरते. दुकानात मिळणारं 'लो सोडियम' मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि मुलाला पुढे एनालाप्रिल, सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमससारखं औषध लागलं तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

पाणी तोडू नका. सूज आहे म्हणजे पाणी जास्त झालंय असं वाटतं, पण ते पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतं, आत कदाचित कमीच असतं. डॉक्टरांनी मोजून सांगितलं तरच पाण्याची मर्यादा. उलट्या-जुलाब होत असताना तर मिठाचं पथ्यही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चालू ठेवू नका, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल तर.

प्रोटीन

तुमचा हिशेब मांडून बघू. चार अंड्यांच्या पांढऱ्यातून १४ ग्रॅम, ६०० मिली दुधातून १९ ग्रॅम, भात, चपाती आणि डाळीतून वीसेक ग्रॅम. पावडर सोडूनच ५० च्या वर गेलं. १६ किलोच्या मुलासाठी हे किलोमागे तीन ग्रॅमहून जास्त होतं. त्याला हवं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे २४ ते ३२ ग्रॅम.

एक गोष्ट इथे नेहमी चुकते: हा गुणाकार सुजेच्या वजनाने करायचा नाही. साडेएकोणीस किलोतले साडेतीन किलो पाणी होतं, पाण्याला प्रोटीन लागत नाही. सूज नसतानाचं वजन धरा.

"लघवीतून गेलं ते तोंडाने भरून काढू" हा विचार वरवर बरोबर वाटतो, आणि पूर्वी या मुलांना भरपूर प्रोटीन देण्याची पद्धतही होती. पण खाल्लेलं जादा प्रोटीन रक्तातलं अल्ब्युमिन वाढवत नाही. उलट त्याने गाळणीवरचा दाब वाढतो आणि लघवीतून आणखी अल्ब्युमिन जातं. फुटक्या घागरीत जोराने पाणी ओतल्यासारखं ते आहे. भोक बुजवायचं काम स्टिरॉइडचं, आणि तुमच्या मुलात ते झालंय. आता अल्ब्युमिन साध्या जेवणावर काही आठवड्यांत आपोआप वर येईल. पावडर बंद करा. तिच्यात बहुधा साखरही असते, आणि ती स्टिरॉइडवरच्या मुलाला नको.

याच्या उलट टोकाची घरंही मी बघते. किडनीचा आजार म्हटला की शेजारीपाजारी डाळ, अंडं, मासा सगळं बंद करायला सांगतात. ते मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं पथ्य, इथे ते लावलं तर नुकसान होतं. स्टिरॉइड स्नायू झिजवतं. त्यात प्रोटीन तोडलं तर मुलाचे हातपाय काडीसारखे होतात आणि पोट पुढे येतं. लघवीतून प्रोटीन बराच काळ जातच राहणाऱ्या मुलांना किलोमागे २ ते २.५ ग्रॅमपर्यंत द्यावं लागतं, पण तो निर्णय तपासण्या बघून करायचा असतो.

तुमच्या मुलासाठी दिवसाचं माप असं धरा. दूध आणि दही मिळून ३०० मिली, त्यातून साधारण १० ग्रॅम प्रोटीन. एक अख्खं उकडलेलं अंडं, पिवळ्या बलकासकट, ६ ग्रॅम. डाळ किंवा कडधान्य कोरडं मोजून २० ग्रॅम, म्हणजे मूठभर, साडेचार ग्रॅम. तांदूळ, कणीक आणि नाचणी मिळून दिवसाला १४० ग्रॅम कोरडं, त्यातून १२ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ३२. पिवळं बलक टाकू नका. या आजारात रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं ते आजारामुळे, आणि आजार शमला की ते उतरतं; त्यासाठी अंडं किंवा आमटीतलं खोबरं सोडायला नको. तळणाचं तेल तेवढं आवरा. अंडं पूर्ण शिजलेलं हवं, स्टिरॉइडमुळे जंतुसंसर्गाला त्याची ताकद कमी आहे.

ज्या दिवशी अंडं नको असेल त्या दिवशी डाळीशिवाय आणखी २५ ते ३० ग्रॅम कोरड्या अळसांद्यांची किंवा मुगाची उसळ द्या, हिशेब तोच येतो. श्रावणात नुस्तं नाही म्हणून काही अडत नाही. चवथीनंतर नुस्तं सुरू होईल तेव्हा अंड्याच्या जागी काटे काढलेला ३० ग्रॅम ताजा बांगडा किंवा इसवण, म्हणजे एक लहान तुकडा. दोन्ही एकाच दिवशी झालं तरी बिघडत नाही, फक्त पावडरीने आकडा फुगवू नका.

स्टिरॉइडची भूक

तुमची खरी कसोटी आता पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आहे. मीठ आणि प्रोटीन आठवडाभरात सवयीचं होतं, ही भूक होत नाही. मूल रात्री उठून खायला मागतं, हट्ट करतं, रडतं, हात उगारतं. ते लाडावलंय असं म्हणू नका. गोळी भूकही वाढवते आणि चिडचिडही. एक दिवसाआडच्या टप्प्यात बहुतेक मुलांची भूक कमी होते. तोपर्यंत "नको" म्हणत बसण्यापेक्षा काय हाताला लागेल ते तुम्ही ठरवा.

गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर द्या. दिवसातल्या खाण्याच्या सात वेळा ठरवा आणि घड्याळ त्यालाही दाखवा. सकाळी साडेसातला नाचणीची दुधातली पेज, फार तर एक चमचा गूळ घालून, मग गोळी. दहाला उकडलेलं अंडं आणि तवसं. साडेबाराला उकड्या तांदळाचा भात, मुगाची डाळ, वाटीभर भाजी, दही. साडेतीनला पेरू, पपई किंवा केळं, यातलं एक. साडेपाचला साळीच्या लाह्या किंवा थोडी उसळ. रात्री आठला चपाती आणि भरपूर भाज्यांचं खतखतं किंवा तोंडाक. झोपताना उरलेलं दूध. ही मापं धरली तर दिवसाला साधारण १२०० किलोकॅलरी होतात, त्याच्या वजनाला पुरेशा. मधे भूक लागली तर तवसं, गाजर, कलिंगडाच्या फोडी, पातळ कळण. या गोष्टी पोट भरतात, वजन फार वाढवत नाहीत. बिस्किटांचा डबा, सरबतं, चॉकलेटच्या चवीच्या दुधाच्या पावडरी घरातच ठेवू नका. फळीवर उंच ठेवलं तरी त्याला माहीत असतं, आणि आजीलाही.

नाचणी आणि दूध मुद्दाम घातलंय. स्टिरॉइड हाडांतलं कॅल्शियम कमी करतं. या वयाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ३०० मिली दुधातून साधारण ३६०, २० ग्रॅम नाचणीतून ७० मिळतं. उरलेलं आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर गोळी-औषधातून देतात. दिलं नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास अंगणात धावू द्या. सूज नसताना त्याला पलंगावर बसवून ठेवायचं कारण नाही.

आता एक गफलत सांगते, कारण तुमच्याकडेही ती होणार. साताठ आठवड्यांत त्याचे गाल फुगतील. घरात कुणीतरी म्हणेल, परत सूज आली. माझ्याकडे एक आई याच समजुतीने मुलीचं मीठ पूर्ण तोडून आली होती. मुलगी मलूल, जेवण सोडलेलं, आणि वहीत पट्टी रोज निल. ती सूज नव्हती, स्टिरॉइडची चरबी होती. फरक ओळखायला सोपा आहे. सूज सकाळी उठल्यावर पापण्यांवर दिसते, नडगीच्या हाडावर बोट दहा सेकंद दाबलं की खळगा राहतो, वजन दोन दिवसांत अर्धा किलो चढतं आणि पट्टी ३+ किंवा ४+ दाखवते. चरबी हळूहळू येते, गालांवर, पोटावर, मानेच्या मागे. खळगा पडत नाही, पट्टी निल असते. सुजेवर मीठ कमी करायचं, चरबीवर साखर, तळण आणि वाढीव घास. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर आणि कमी कपड्यांत. या औषधावर थोडं वजन वाढतंच, किलोभर वाढलं तर मी काळजी करत नाही. पण सलग काही आठवडे दर आठवड्याला २००-२५० ग्रॅमच्या वर वाढत राहिलं तर वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे या, सहसा लाह्यांच्या जागी फरसाण आलेलं असतं. वजन वाढतंय म्हणून गोळी मात्र स्वतः कमी करू नका. अचानक बंद केली तर आजार उलटण्यापलीकडचाही धोका आहे: बाहेरून गोळी मिळत असताना शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं ते यासाठी.

काही गोष्टी ताटाने सुटत नाहीत. पट्टी सलग तीन दिवस ३+ किंवा जास्त आली तर आजार उलटला, फोन करा. ताप आणि पोटदुखी एकत्र आली, हातपाय गार पडले आणि लघवी कमी झाली, किंवा जोराची डोकेदुखी सुरू झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा. खूप तहान आणि वारंवार लघवी दिसली तर रक्तातली साखर तपासून घ्या, स्टिरॉइडने ती चढते.

राहिली चवथ. पातोळ्या हा त्याच्यासाठी उत्तम पदार्थ, उकडलेल्या असतात. पारीत मीठ घालू नका आणि गूळ थोडा कमी टाका, एका वेळी दोन. नेवरी दिवसाला एक, तीही जेवणानंतर, भुकेच्या वेळी नाही. खतखतं हवं तेवढं. चकली, चिवडा आणि लोणचं त्याच्या ताटात नको, आणि ते पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा, कारण "एकच दे" असं म्हणणारे घरात दहा असतात. त्या दिवसांत पट्टी चुकवू नका. आलेल्यांपैकी कुणाला कांजिण्या किंवा गोवर असल्याचं कळलं आणि मुलगा त्यांच्याजवळ गेला असेल तर पुरळ उठायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्टिरॉइडवरच्या मुलाला कांजिण्या जड जातात आणि प्रतिबंधक औषध लवकर दिलं तरच उपयोगी पडतं.